गार होईपर्यंत हात लावू नये

पसरणं

निशिगंधाने ट्रेमधलं मिश्रण अर्ध्या पेराएवढ्या जाडीचं पसरलं. ओट्स, नाचणीच्या लाह्या, काजूचे तुकडे, तीळ, भोपळ्याच्या बिया, खोबऱ्याचे काप. त्यावर गूळ, मध आणि तेल एकत्र कोमट करून ओतलेलं. आणि मूठभर नाचणीचं पीठ, कारण पीठ गुळाला धरतं आणि गूळ बाकीच्यांना.

ओव्हनचा काटा एकशे चाळीसवर होता. तो पुढे सरकू नये म्हणून तिने गॅसची ज्योत अगदी बारीक केली आणि दाराच्या फटीत लाकडाची चिपटी अडकवली. हा ओव्हन महाडमधल्या एका बंद पडलेल्या बेकरीचा. पोलादपूरपर्यंत टेम्पोने आला, पुढे वाडीच्या चढावर माणसांच्या खांद्यावरून आला, आणि पडवीलगतच्या खोलीत बसला. त्याच खोलीत मार्गशीर्षात तिची सासू चंद्रभागा गेली होती. ओव्हनला दुसरी खोली मोकळी नव्हती, म्हणून.

"काय शिजतंय गो?" दारातून चिमाबाईने विचारलं. वाडीत आता उघडी घरं दोनच. एक हे, दुसरं चिमाबाईचं. बाकीच्यांच्या कड्यांवर मुंबईकरांची कुलपं.

"ग्रॅनोला, काकू."

"गिरनोला. म्हंजी चिवडाच ना?"

"चिवडा सुटा असतो. याची ढेकळं व्हायला लागतात."

चिमाबाईने पदर तोंडाला लावला. "जन्मभर शेतातली ढेकळं फोडून आमचे हात गेले. नि तू घरात ढेकळं करतेस."

निशिगंधाही हसली. पण ढेकळं होत नव्हती, आणि शिमगा जवळ येत होता.

ढवळणं

गोष्ट सरळ होती. निशिगंधाचा नवरा अनिल ठाण्याला नोकरीला. आई गेल्यावर त्याने ठरवून टाकलं होतं की शिमग्याला पालखीसाठी यायचं, आणि परत जाताना बायकोला नि वडिलांना घेऊन जायचं. घराला कुलूप. निशिगंधाने त्याच्याकडे मुदत मागितली होती. आंबेनळी घाटातल्या एका रिसॉर्टला न्याहारीसाठी ग्रॅनोला हवा होता, दर आठवड्याला. तेवढं काम मिळालं तर घर उघडं राहील. नाही मिळालं तर ती बॅग भरेल. अनिल कबूल झाला होता.

रिसॉर्टची न्याहारी सलोनी बघायची. पुण्याची मुलगी, बोलायला गोड, नकार द्यायलाही गोड. पहिला नमुना तिने बशीत ओतला, चमच्याने इकडून तिकडे केला आणि म्हणाली, "निशिगंधाताई, चव मस्त आहे. पण हा भुसा झालाय. लोक दह्यावर घालून खातात, त्यांना चमच्यात गुठळी यायला हवी. दाताखाली कडकन तुटणारी."

"येईल."

"पुढचं मी तुमच्याकडे येऊनच बघते. शिमग्याच्या आधी. चालेल?"

चालेल म्हणण्यावाचून इलाज काय होता.

निशिगंधा लग्नाआधीपासून वाडीत येईपर्यंत ठाण्याच्या बेकरीत होती. आधी पॅकिंगला, मग भट्टीवर. हे काम तिला येत होतं. मंद आचेवर भाजायचं, म्हणजे गूळ जळायच्या आत ओट्समधलं पाणी निघून जातं. मध्यावर एकदाच ढवळायचं, कडेचं आत आणि आतलं कडेला, कारण कड आधी लाल होते. ढवळलं की सपाट भांड्याच्या बुडाने दाबून बसवायचं. मग पुन्हा आत, रंग येईपर्यंत. बाहेर काढताना ते मऊच लागतं. नवख्याला वाटतं कच्चं राहिलं, तो परत आत ढकलतो आणि जाळतो. कच्चं नसतं. गूळ अजून वितळलेला असतो. तो गार होताना घट्ट होतो आणि सगळ्याला बांधून घेतो. म्हणून शेवटचं काम एकच. एकदा वरून दाबायचं, ट्रे ठेवायचा, आणि बूड हाताला पूर्ण गार लागेपर्यंत त्याला

हात लावायचा नाही.

ठाण्यात ढेकळं व्हायची. या खोलीत भुसा होत होता.

गार होणं

आज तिने ट्रे बाहेर काढला, भांड्याच्या बुडाने दाबला, खोलीच्या मधल्या टेबलावर ठेवला, वर जाळीचं झाकण घातलं, आणि विहिरीवर गेली. सासरा सहदेव शेरडं घेऊन वरच्या सड्यावर, माळावर होता. चिमाबाई स्वतःच्या अंगणात मिरच्या निवडत होती.

परत आली तेव्हा जाळी जागच्या जागी होती. खाली मिश्रण सुटं, कण न कण वेगळा. कोमट.

तिने जाळी उचलून खिडकीच्या उजेडात ट्रे कलता धरला. तेव्हा तिला ओळी दिसल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, वाफ्यातल्या सऱ्यांसारख्या. तीन लांब ओळी आणि एक आखूड. पुन्हा तीन लांब, एक आखूड. पूर्ण ट्रेभर, एकाच वळणाच्या, घाई नसलेल्या.

तिने आपली चार बोटं ओळींवर धरली, न टेकवता. तिची करंगळी आखूड ओळीच्या पुढे गेली.

उंदीर असं करत नाही. मांजर असं करत नाही.

सहदेव खाली उतरला तेव्हा ती पडवीत उभी होती.

"मामा, तुम्ही मधी घरात आला होता?"

"नाय. का गो?"

"तो ट्रे कोणीतरी हलवला."

सहदेवने काठी भिंतीला टेकवली. दारातूनच आत ट्रेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "चांगलं निवलंय."

"असं हात फिरवून निववायचं नव्हतं, मामा."

"तसं नाय. म्हंजी..." तो शेरडांना पाणी दाखवायला गेला.

ती खोली, आधी

सासूच्या दहाव्याला खोलीच्या कोपऱ्यात, जिथे जीव गेला तिथे, तांदळाचं पीठ चाळून पसरलं होतं. हाताने सारखं केलेलं, वर बांबूची पाटी पालथी. सकाळी पाटी उचलायची आणि पिठावर काय उमटलंय ते बघायचं. गाईचा खूर, पाखराचं पाऊल, मुंगीची रेघ. गेलेलं माणूस कुठल्या रूपात पुढे गेलं ते कळतं, असं मानतात. सगळी वाडी मानते, मुंबईहून आलेलेही वाकून बघतात.

पाटी उचलली. पीठ जसंच्या तसं.

चिमाबाई म्हणाली होती, "मुंगीबी फिरली नाय." कोणीतरी म्हणालं, पाटी घट्ट बसली असेल. अनिलने पीठ गोळा करून ओहोळात सोडलं आणि विषय संपवला.

निशिगंधाला त्या सकाळचं एकच आठवत होतं. पीठ नुसतं सपाट नव्हतं. रात्री तिनेच ते पसरलं होतं, तेव्हा एका कडेला उंचवटा राहिला होता. सकाळी तो नव्हता. कोणीतरी हात फिरवून सारखं केल्यासारखं.

हे तिने तेव्हा कोणाला सांगितलं नाही. खरंच तसं होतं का, याची तिला खात्री नव्हती. आता थोडी होती.

फोन

"काय म्हणते तुझी बेकरी?" अनिलने विचारलं.

"चाललंय."

"जमलं?"

"अजून नाय."

"निशा, नाय जमलं तर नाय जमलं. मी टेम्पोवाल्याला सांगून ठेवतो. बाबांचं सामान काय, एक ट्रंक."

"थांब ना शिमग्यापर्यंत."

"थांबलोच आहे. बाबा काय म्हणतात?"

तिने पडवीत बघितलं. सहदेव खोलीच्या उंबऱ्याशी बसला होता. पाठ खांबाला, तोंड खोलीकडे. पूर्वी तो नेहमी अंगणाकडे तोंड करून बसायचा.

"काय नाय म्हणत."

गार होणं, पुन्हा

यावेळी तिने काही नशिबावर सोडलं नाही. ट्रे काढला. दाबला. जाळी ठेवली. खिडकी आतून बंद केली. खोलीच्या एकुलत्या दाराला बाहेरून कडी घातली, कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. सहदेवला समोर अंगणात बसवलं. चिमाबाईला हाक मारून बोलावलं.

"मला कशाला गो?"

"बसा ना काकू. चहा ठेवते."

"म्हंजी मी चोर."

"चोर नाय. साक्षीदार."

"तेच ते," चिमाबाई म्हणाली आणि पाय पसरून बसली. सहदेवकडे बघून म्हणाली, "भावोजी, सून लई हुशार केलीत. आपल्याला धरून बसवलंय बघा, दोन शेरडांगत."

टळटळीत दुपार. वाऱ्याचा पत्ता नाही. खालच्या घाटातून एक ट्रक गिअर बदलत गेला. कुलूपबंद घरांच्या पत्र्यांचा तापून आवाज येत होता. टक. टक. चिमाबाई सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाची गोष्ट सांगत होती. तिची गुडघेदुखी तिथे कशी गेली, नि उतारावर कशी परत आली. सांगता सांगता ती थांबली.

सर्र.

मग काही नाही.

सर्र.

पत्रा. टक.

सर्र. सर्र.

सुपात हात फिरवताना येतो तो आवाज. तळवा खाली, बोटं ओढत आपल्याकडे आणायची, उलटं टाकायचं, पुन्हा पुढे. दर दोन ओढींनंतर एक थांबा, जणू कोणी हाताला किती ऊब लागते ते बघतंय.

कोणी उठलं नाही. चिमाबाईचा हात आपसूक पदराकडे गेला आणि पदर डोक्यावर आला. घरात वडीलधारं माणूस आलं की बायका घेतात, तसा.

"चंद्री," ती हळूच म्हणाली. भीतीने नाही. ओळख पटल्यासारखं.

आवाज थांबला. निशिगंधाने कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडलं, कडी काढली, दार ढकललं आणि

आत

आत कोणी नव्हतं. खिडकी बंद. जाळी ट्रेवर. खाली सगळं सुटं, सारखं, कडेपर्यंत नीट पसरलेलं. तीन लांब ओळी, एक आखूड. घाम सुटून ओलावा धरू नये म्हणून नाचणी भाजल्यावर जशी निववतात तशी. इतकं सुबक काम तिने बेकरीतही बघितलं नव्हतं. फक्त ते नको होतं.

मागून सहदेव आत आला. घरात आल्यावर नेहमी करतो तसं त्याने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या.

"तिच्या करंगळीवर विळा बसला होता," तो म्हणाला. "लग्न नुकतंच झालेलं. करंगळी मधून वाकली ती वाकलीच."

निशिगंधाला ते माहीत होतं. त्या वाकड्या करंगळीने तिच्या कपाळाला हळद लावली होती.

"भाजलेलं कधी तसंच टाकून गेली नाय ती," सहदेव ट्रेकडे बघत बोलत होता. "रवा असो, नाचणी असो. निवेस्तोवर बसायची, हात फिरवत. मी म्हणायचो, चल जेवायला. तर म्हणायची, एकटं टाकलं तर घाम फुटंल त्याला." तो खाली बसला. "तुझं हे बघून तिला वाटत असंल, सून भाजते नि तशीच उठून जाते."

दारात चिमाबाई नाक पुसत होती. "सासू ती सासूच," ती म्हणाली. "मेली तरी चूक काढायला हजर."

निशिगंधाला हसू आलं, आणि हसता हसता अंगावर काटा आला.

"मामा, अनिल म्हणतो..."

"म्हायताय मला तो काय म्हणतो." सहदेवने जमिनीवरून हात फिरवला, जिथे पीठ पसरलं होतं तिथून. "मी जाईन गो ठाण्याला. मला काय. कुठं बसलो तरी बसणंच. पण पिठावर काय उमटलं नाय. ती गेली नाय. नि कुलूप लावलं तर ती आत राहील. तू आत्ता लावलं होतंस ना? तसं. कायमचं."

ढवळणं, पुन्हा

ती दोन दिवस ओव्हनकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने माळ्यावरून सासूचं सूप काढलं. शेणाने सारवलेलं, कडेला फडक्याने शिवलेलं. धुळीने भरलं होतं ते झटकलं. खापरात नाचणी भाजली, तडतड थांबेपर्यंत, आणि गरम गरम सुपात ओतली.

ग्रॅनोलाचा ट्रे टेबलावर, दाबून. सूप खाली, कोपऱ्यात, त्या जागी.

बाहेर पडताना ती दारात थांबली. काय बोलावं कळेना. जिवंतपणीही सासूशी ती फार बोलत नसे. कामाचं तेवढं.

"आत्या," ती म्हणाली, "नाचणी तुमची. वरचं तसंच राहू द्या. ते असंच करतात. गूळ घट्ट होतो मग."

दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही.

अंगणात बसल्यावर आवाज आला. सर्र. सर्र. सहदेवने डोळे मिटून घेतले आणि विडीचं थोटूक तसंच हातात जळू दिलं.

नंतर बघितलं तर सुपातली नाचणी निवलेली, ओळीओळींची. आणि ट्रे? ट्रेच्या अर्ध्या भागाची ढेप झाली होती. अर्धा भाग सुटा. कोणीतरी मध्यावर हात घातला होता आणि मग आठवून काढून घेतला होता.

निशिगंधाने ढेपेचा तुकडा मोडला. कडकन आवाज आला. तिने तो आवाज पुन्हा ऐकायला दुसरा मोडला.

"म्हाताऱ्या माणसाला शिकायला वेळ लागतो," सहदेव म्हणाला.

दाबणं

सलोनी सांगितल्या दिवशी आली, पण गाडी वाडीच्या खालच्या वळणावर अडली. रस्त्यात गोटे होते नि तिच्या ड्रायव्हरला चढ नवा. फोन आला तेव्हा निशिगंधाने ट्रे नुकताच ओव्हनमधून काढून टेबलावर ठेवला होता. रंग बरोबर मधासारखा. खमंग वास खोलीभर. सूप कोपऱ्यात, नाचणी वाफाळती.

"मामा नाहीत, मीच येते घ्यायला," ती फोनवर म्हणाली आणि उतारावरून पळाली.

अर्ध्या वाटेत तिला आठवलं. दाबलं नव्हतं.

मध्यावर ढवळून दाबलं होतं, पण नंतर ट्रे आत फिरवून ठेवताना तो कोपऱ्यावर आदळला होता आणि सगळं मोकळं उसळलं होतं. बाहेर काढल्यावर गरम असतानाच पुन्हा दाबायचं होतं. गूळ मऊ असतो तेवढ्याच वेळात. आता वर जाऊन परत यायला वेळ नव्हता. सलोनी पायी चढायला लागली होती, हातात सॅन्डल, मागे ड्रायव्हर. गार झालेलं मोकळं मिश्रण दाबून उपयोग नसतो. तो भुसा.

निशिगंधाला वाटलं तिथेच दगडावर बसावं. अनिलला फोन करून टेम्पो सांगावा. मग तिला सहदेवचा हात दिसला, जमिनीवरून फिरणारा, आणि ती सलोनीची पिशवी घेऊन पुढे चालायला लागली.

वर आल्यावर सलोनी पाणी प्यायली, तिने झाडं बघितली, कुलपं बघितली. "सगळे कुठे गेले?"

"मुंबईला."

"आणि तुम्ही इथेच?"

"बघू," निशिगंधा म्हणाली. तिने दार उघडलं.

सूप जसंच्या तसं होतं. नाचणीचा ढीग ओतला होता तसा, टोकदार, घाम फुटलेला. त्याला कोणी हात लावला नव्हता.

ट्रेवरची जाळी बाजूला, टेबलावर, नीट ठेवलेली. ट्रेमधलं सगळं दाबलेलं. भांड्याच्या बुडाने नव्हे. हाताने. कडेपासून कडेपर्यंत शेजारी शेजारी तळवे उमटले होते, भिंतीवर शेणी थापाव्यात तसे. आणि मधल्या तळव्यावर पाचही बोटं स्पष्ट. करंगळी मधूनच आत वळलेली.

निशिगंधाने ट्रेच्या कडेला बोट टेकवलं आणि झटकन मागे घेतलं. अजून चटका बसत होता. ती खाली उतरली तेव्हा हे ओव्हनइतकं गरम होतं. त्यावर तळवा टेकवून दाब देईल असा हात कोणाच्या अंगाला असतो.

"अजून गार नाय," ती कशीबशी म्हणाली. "थांबावं लागेल."

त्या थांबल्या. अंगणात चहा झाला. चिमाबाईने सलोनीला विचारलं, लग्न झालं का, नाही झालं तर का नाही, आणि उत्तराची वाट न बघता तीन मुलं सुचवली. सगळी मुंबईत. खोलीतून कसलाच आवाज आला नाही. सहदेव सड्यावरून आला, दारात वाकला, आत बघितलं आणि चपला काढून उंबऱ्यातच उभा राहिला.

बूड गार झाल्यावर निशिगंधाने ट्रे उचलून उलटा केला. पूर्ण ढेप एका तुकड्यात बाहेर आली. दारासारखी ताठ. सलोनीने तिच्यावर टकटक केलं. मग कोपरा मोडून तोंडात टाकला, दुसरा मोडला, तिसरा ड्रायव्हरला दिला.

"हेच," ती म्हणाली. "हेच मला पाहिजे होतं. इतकं एकसारखं मशीनवर पण येत नाही." मग तिने ढेप उजेडात कलती केली आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "हे हाताचे ठसे आहेत ना?"

निशिगंधाने मोडलेल्या कोपऱ्याचा चुरा तळहातात गोळा केला.

"ताई, ग्लव्हज? आमच्याकडे तपासणी असते. उघड्या हाताने दाबलेलं मी नाही घेऊ शकत. कोण दाबतं हे, तुम्ही?"

ही वेळ होती. मीच, म्हणता आलं असतं. निशिगंधाने आपला हात मागे घेतला. तिची करंगळी सरळ होती, सलोनीला ते दिसलं असतंच.

"माझी सासू," ती म्हणाली.

"अच्छा. मग त्यांना ग्लव्हज घालायला सांगा. तेवढंच. बाकी त्यांचाच दाब ठेवा, बदलू नका." सलोनीने इकडे तिकडे बघितलं. "कुठे आहेत त्या? थँक यू म्हणते."

"हितंच हाय," दारातून सहदेव म्हणाला. "जरा लाजते पाव्हण्यांना."

चिमाबाईला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

हात

काम पक्कं झालं. अनिल फोनवर म्हणाला, "बरं. पालखी नाचवायला येतो, टेम्पो नाय आणत." आणि ठेवायच्या आधी, "आईच्या खोलीत चालतंय ना सगळं?" म्हणून विचारलं. ती हो म्हणाली.

तळव्याचा ठसा असलेला तुकडा तिने पिशवीत भरला नाही. सहदेवने तो मागून घेतला. करंगळीच्या बाजूचा भाग मोडून त्याने तोंडात घातला आणि बाकीचा भिंतीतल्या देवळीत ठेवला. मुंग्या आल्या नाहीत. अजून आलेल्या नाहीत.

मग ती महाडला गेली. चवदार तळ्याकडच्या गल्लीत मेडिकल होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "साइज काय?"

निशिगंधाने विचार केला. "छोटा. म्हातारीचा हात आहे. आणि गरम सोसेल असे द्या."

"रबरी हातमोजे गरमाला नसतात, ताई. चटका बसेल."

"नाय बसणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ओव्हन लावला. काटा एकशे चाळीसवर. मध्यावर एकदा ढवळलं, कडेचं आत, आतलं कडेला. रंग आल्यावर ट्रे काढून टेबलावर ठेवला. दाबला नाही. शेजारी मोजे ठेवले, स्वच्छ फडक्यावर, बोटं सरळ करून, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. कोपऱ्यात सूप ठेवायला ती वाकली, आणि मग तिने ते परत माळ्यावर टाकलं. त्याचं आता काम नव्हतं.

बाहेर बसली. सहदेव अंगणाकडे तोंड करून बसला होता, पूर्वीसारखा. पत्रे तापत होते. ती ऐकत राहिली. काहीच ऐकू आलं नाही.

बूड गार व्हायच्या बेताला ती आत गेली. ढेप सपाट, गुळगुळीत, कडेपर्यंत. एकही ठसा नाही.

मोजे फडक्यावर होते. डावा तिने ठेवला तसाच, चपटा. उजवा फुगलेला होता, आत हात असल्यासारखा, आणि त्याची करंगळी मधूनच आत वळलेली होती. तिने वाकून तो उचलायला बोट लावलं.

कोमट होता. तिने हात मागे घेतला, आणि मोजा गार होईपर्यंत थांबायचं ठरवलं.